दिरहमचे रुपये: घरवापसीच्या प्रकल्पाची नोंदवही

१२ नोव्हेंबर २०२४, शारजा

दिवाळी अमळनेरला करून परवा परत आलो. राजीनामा द्यायचं पक्कं झालंय, शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी. अकरा वर्षं इमारतींमधलं एसी, पाणी आणि वीज बघितली. त्या कामात प्रत्येक साईटची वही असायची, म्हणून या कामाचीही ठेवतो.

आजची शिल्लक: बँकेत साधारण ५ लाख दिरहम. ग्रॅच्युइटी वेगळी, तिचा हिशोब हातात आल्यावर. आजच्या भावाने एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास होतात. प्रश्न इतकाच, की याचे रुपये कधी करायचे, किती करायचे आणि कुठून.

दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे. म्हणजे माझी बचत नावाला दिरहम, खरी डॉलरच. बघायचा तो डॉलर-रुपयाचा भाव. त्याला ३.६७२५ ने भागलं की दिरहमचा खरा भाव निघतो. एक्स्चेंज हाऊसच्या फलकावरचा आकडा म्हणजे त्यांचा नफा कापून उरलेला भाव.

आधी खर्चाचं कॅलेंडर काढलं, भावाचा आलेख नंतर बघू. अमळनेरच्या प्लॉटवर घर बांधायचंय. ठेकेदाराशी दिवाळीत बोलणं झालं, अंदाज ४२ लाख: डिसेंबरमध्ये पाया आणि प्लिंथ ८, जानेवारी अखेर कॉलम आणि स्लॅब १२, मार्चमध्ये वीटकाम-प्लास्टर ९, मेमध्ये फरशी, नळ आणि वायरिंग ८, जुलैत रंग, दारं-खिडक्या आणि गेट ५. गाडी ८ लाख, एप्रिल-मेमध्ये. पहिल्या वर्षाचा घरखर्च ८ लाख, कारण तिकडे काम जमायला वेळ लागेल. हाताशी ५ लाख. एकूण ६३ लाख. उरलेल्या पन्नासेक लाखांना कसलीही घाई नाही. मुलगी आत्ता सहावीत आहे.

हे लिहिल्यावर बरं वाटलं. एक कोटी पंधरा लाखांचा एकच मोठा निर्णय नव्हताच. ६३ लाखांना तारखा आहेत, बाकीच्यांना नाहीत. दोघांना एक नियम लावायचं कारण नाही.

२७ नोव्हेंबर

दुपारच्या सुट्टीत तीन ठिकाणचे भाव विचारले, एकाच दिवशी, अर्ध्या तासाच्या आत. वेगळ्या दिवशीचे भाव एकमेकांशेजारी ठेवले तर बाजार हलला की दुकानदाराने जास्त कापलं, ते कळत नाही. मोजपट्टी म्हणून एफबीआयएल या दर जाहीर करणाऱ्या संस्थेचा संदर्भ दर धरला. भारतात कामाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास तो जाहीर होतो. आज डॉलर ८४.४० च्या आसपास, म्हणजे दिरहम २२.९८. एक लाख दिरहमचे खरे रुपये २२ लाख ९८ हजार.

एक्स्चेंज हाऊसने २२.९० दिला, वर पंचवीसेक दिरहम फी. म्हणजे साडेआठ हजार रुपये कापले गेले. माझ्या इथल्या बँकेच्या ॲपवर मोठ्या अक्षरात ‘शून्य शुल्क’ होतं आणि भाव २२.८३. म्हणजे पंधरा हजार गेले. शुल्क शून्यच आहे, खोटं काही नाही, फक्त ते भावात लपलंय.

तिसरा रस्ता म्हणजे डॉलर घेऊन ते भारतातल्या बँकेत वायरने पाठवायचे आणि तिथे रुपये करायचे. बँकेने इथे ३.६८ ने डॉलर दिले. तिथल्या शाखेचा फलकावरचा भाव ८३.७५. एक लाख दिरहमचे २२ लाख ७६ हजारच हाती आले असते, शिवाय वायरची फी आणि मधल्या बँकेची कापाकापी. शाखेला फोन करून सांगितलं, रक्कम मोठी आहे, फॉरेक्स डेस्ककडून खास भाव मागवा. तासाभरात ८४.२० मिळाला. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. त्यावर भारतातल्या रूपांतराचा जीएसटी लागतो. त्याचं कोष्टक ठरलेलं आहे. दहा लाखांच्या वर रक्कम असेल तर ५,५०० अधिक वरच्या रकमेच्या ०.१ टक्के हे सेवेचं मूल्य धरायचं आणि त्यावर १८ टक्के. २२.९ लाखांवर बाराशे-सव्वाबाराशे रुपये होतात. लोक मोठी रक्कम म्हटली की जीएसटीला घाबरतात, पण मारतो तो फलकावरचा भाव. एक्स्चेंज हाऊसमधून पैसे रुपये होऊनच येतात, त्यामुळे तिथे हा जीएसटीही नाही.

खात्रीची बचत इथे आहे: वाईट आणि चांगल्या रस्त्यात एका लाखामागे चौदा-पंधरा हजार, भावाचा काहीही अंदाज न बांधता.

९ डिसेंबर

नियम ठरला: पुढच्या तीन महिन्यांत जे पैसे ठेकेदाराला किंवा घराला लागणार, ते रुपयात असलेच पाहिजेत. त्याच्या पुढचे नाहीत.

प्लिंथ ८ आणि स्लॅब १२, मिळून २० लाख. ८८,००० दिरहम पाठवले, भाव २२.९८ मिळाला, अनिवासी भारतीयांच्या एनआरई खात्यात २० लाख २२ हजार आले. आधी पाचशे दिरहमची चाचणी पाठवली होती. खात्याच्या नावात माझं आडनाव आधी आहे आणि पासपोर्टात शेवटी, त्यामुळे ती एक दिवस अडकली. मोठी रक्कम अशी अडकली असती तर ठेकेदाराच्या नावाने मीच रडलो असतो. पावत्या सगळ्या एका फाईलमध्ये. पैसा बाहेरून आला आणि कमाईचा आहे, याचा पुरावा उद्या घराच्या हिशोबात लागतो.

शाखेतून फोन आला: ‘सर, एनआरई एफडी करा, सव्वासात टक्के, टॅक्स फ्री.’ ऐकायला गोड. दोन अडचणी. हे पैसे जानेवारीत स्लॅबला जाणार आणि एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. दुसरी जास्त महत्त्वाची: हे व्याज करमुक्त असतं ते फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीने मी बाहेर राहणारा असेपर्यंत. कायमचं राहायला परत आलो त्या दिवसापासून ती सवलत संपते. फोनवरच्या मुलीला हे ठाऊक नव्हतं. तिचा दोष नाही, तिच्या कागदावर ‘टॅक्स फ्री’ एवढंच छापलेलं असणार.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

काल डॉलर साडेशहाऐंशीच्या पुढे गेला. डिसेंबरच्या मध्यापर्यंत ८५ च्या आतच होता. खोलीवरच्या सगळ्यांच्या तोंडी एकच, ‘नव्वद होणार, थांब.’ रात्री गावी अण्णांना फोन केला, तिळगुळाचं बोलणं झालं आणि मग हे. अण्णा म्हणाले, “कापूस घरमा पडना ते वजन घटस, बापू.”

आमच्याकडे हे सांगावं लागत नाही. २०२२ मध्ये कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला आणि पुढच्या हंगामात अर्ध्या गावाने दहा हजार पुन्हा येतील म्हणून कापूस घरात भरून ठेवला. खोल्या भरल्या, माणसं ओट्यावर झोपली, अंगाला खाज सुटली, वजन घटलं आणि शेवटी आधीच्यापेक्षा कमी भावात विकला. पण डॉलर कापसासारखा घटत नाही, उलट व्याज देतो. मग थांबण्याची किंमत नेमकी किती, ते मांडायलाच हवं.

माझ्याकडचे बिनतारखेचे पैसे साधारण ६०,००० डॉलर. आजच्या ८६.५० ने ५१ लाख ९० हजार. आज रुपये केले आणि ७.१ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाने ५५ लाख ५८ हजार. डॉलरमध्येच ५.१ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाने ६३,०६० डॉलर. दोन्ही सारखे व्हायला डॉलर किती लागेल? ५५.५८ लाख भागिले ६३,०६०, म्हणजे ८८.१४. वर्षाने डॉलर ८८.१४ च्या वर असेल तर थांबणं फायद्याचं, खाली असेल तर तोट्याचं. ‘रुपया पडेल’ एवढं पुरेसं नाही. व्याजातल्या फरकापेक्षा जास्त पडायला हवा. बँका एका वर्षाच्या वायद्यात डॉलर जवळजवळ याच फरकाने महाग देतात. म्हणजे नेहमीची घसरण बाजाराने आधीच धरलेली आहे.

कर धरला तर आकडा हलतो. परत आल्यावर दोन आर्थिक वर्षं मी आरएनओआर असेन, म्हणजे रहिवासी खरा पण सर्वसाधारण रहिवासी नाही. त्याची एक कसोटी अशी, की मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. माझे वर्षाला पस्तीसेक दिवस, सात वर्षांचे अडीचशेही भरत नाहीत. पुढच्या वर्षी ३६५ अधिक सहा वर्षांचे २१० म्हणजे ५७५, तरी चालतं. तिसऱ्या वर्षी ९०५ होतात, संपलं. या काळात परकीय चलनातल्या बँक ठेवीचं व्याज करमुक्त राहतं, रुपयातल्या ठेवीचं नाही. रुपयातल्या ३ लाख ६८ हजार व्याजावर उपकर धरून २०.८ टक्के गेले, तर हाती ५४ लाख ८२ हजार. बरोबरीचा भाव ८६.९३ वर येतो. आजच्यापेक्षा फक्त ४३ पैसे वर!

म्हणून बिनतारखेचे पैसे डॉलरमध्येच. आणि तारखेच्या पैशांचा नियम तोच: मार्चचं वीटकाम ९ आणि उतरल्यावरचा घरखर्च २. आज ४७,००० दिरहम, भाव २३.४६, आले ११ लाख ३ हजार. खोलीवरच्यांनी वेड्यात काढलं.

२२ जानेवारी

६०,००० डॉलरची एफसीएनआर ठेव केली, म्हणजे भारतातल्या बँकेत पण डॉलरमध्येच राहणारी, एक वर्ष, ५.१ टक्के. २ लाख २० हजार ८०० दिरहम गेले. ही ठेव परदेशात राहणाऱ्यालाच उघडता येते. परत आल्यावर नवी उघडता येत नाही, पण आधी उघडलेली ठरलेल्या व्याजाने मुदतीपर्यंत चालू राहते. म्हणून विमानात बसण्याआधीच करायची. वर्षाच्या आत मोडली तर हिलाही व्याज शून्य, त्यामुळे घरातल्या कुठल्याच हप्त्याचा भार हिच्यावर ठेवला नाही.

व्याज बरं मिळालं त्याला कारण आहे. डॉलर आकर्षित करायला रिझर्व्ह बँकेने ६ डिसेंबरला या ठेवींची व्याजमर्यादा ३१ मार्चपर्यंत वाढवली. एक ते तीन वर्षांसाठी आधाराच्या दरावर अडीच टक्के देता यायचे, आता चार. सगळ्या बँकांनी तेवढं वाढवलं नाही. चार बँकांना विचारलं, चार वेगळे आकडे. एक गोष्ट खुपते: ठेवविमा इथेही एका बँकेत पाच लाखांपुरताच. दोन बँकांत वाटायचा विचार केला, कागदपत्रांच्या कंटाळ्याने एकाच मोठ्या बँकेत ठेवली. हा माझा आळस, नियम नाही.

२ फेब्रुवारी

कालच्या बजेटने माझं गणित मागे ढकललं. नव्या करपद्धतीत पुढच्या वर्षी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेटमुळे कर नाही. पहिल्या वर्षी माझी सल्लागारी फारशी चालली नाही तर रुपयातल्या व्याजावरही कर शून्य, आणि बरोबरीचा भाव पुन्हा ८८.१४. चालली तर ८६.९३ च्या जवळ. म्हणजे डॉलर ठेवण्यातला फायदा माझी मिळकत किती होते त्यावर अवलंबून. ठेव मोडणार नाही. पण १४ जानेवारीच्या नोंदीतलं उद्गारचिन्ह खोडायला हवं होतं.

११ फेब्रुवारी

काल डॉलर ८८ ला टेकत आला होता. ऑफिसमध्ये कुणी काम केलं नाही. मी ॲप उघडून १,३६,००० हा आकडा टाकला आणि पाठवला नाही. ८८ होऊ दे, मग.

आज रुपया ८६.८० च्या घरात. एका दिवसात एवढा सावरला. सकाळपासून चिडलो होतो, मग वही उघडली. मी थांबलो ते कुठल्या नियमाने? कुठल्याच नाही. काल-आज बाजार बंद होतानाच्या भावांतल्या फरकाचे लाख दिरहमला सतरा-अठरा हजार धरा, माझ्या रकमेवर पंचवीसेक हजार.

आता पाठवायचं कारण मात्र भाव नाही. महिनाअखेर व्हिसा रद्द होणार आणि त्यानंतर इथल्या खात्यातून पैसे हलवणं कठीण जातं, हे आधी गेलेल्या दोघांनी सांगितलंय. म्हणून तीन महिन्यांचा नियम इथे मोडला आणि राहिलेले सगळे तारखेचे पैसे एकदम: फरशी ८, रंग-गेट ५, गाडी ८, घरखर्चातले उरलेले ६, हाताशी ५. ३२ लाख. भाव २३.५५, आले ३२ लाख ३ हजार. शनिवार-रविवार टाळला. बाजार बंद असताना हे लोक सोमवारच्या भीतीपोटी जास्त कापून ठेवतात.

खात्यात आठ हजार दिरहम उरले, वीज-पाण्याच्या आणि कार्डाच्या बिलांना.

१० मार्च, अमळनेर

पाच तारखेला उतरलो. या आर्थिक वर्षातले भारतातले दिवस मोजले: दिवाळीचे २० अधिक मार्चचे २७, एकूण ४७. साठच्या आत, म्हणजे हे वर्ष अनिवासीच आणि तिकडच्या पगाराचा इथे प्रश्न नाही. तिकीट काढताना हे बघितलं होतं.

बँकेत जाऊन एनआरई खातं रहिवासी करायचा अर्ज दिला. काउंटरवरचे साहेब म्हणाले, ‘चालू द्या ना, कोण विचारतंय?’ हसून अर्ज पुढे सरकवला आणि पोच मागितली. एफसीएनआरवर ‘ठेवीदार आता रहिवासी, ठेव मुदतीपर्यंत चालू’ अशी नोंद लेखी मागितली. मुदत संपल्यावर डॉलर आरएफसी खात्यात ठेवता येतील का, विचारलं. आरएफसी म्हणजे परत आलेल्या माणसाला परकीय चलन ठेवायला मिळणारं खातं. शाखेत कुणी उघडलेलं नव्हतं, जळगावच्या मोठ्या शाखेत होईल म्हणाले. दहा महिने आहेत.

स्लॅब बघितला. पाणी छान मारलंय. आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता, तो कुठल्याच भावात शारजात मिळत नाही.

२९ मार्च

डॉलर साडेपंच्याऐंशीच्या आसपास. म्हणजे ११ फेब्रुवारीनंतर आणखी दीड टक्का खाली.

तीन खेपांत २ लाख ७१ हजार दिरहमचे ६३ लाख २८ हजार झाले, सरासरी २३.३५. नोव्हेंबरात सगळे पाठवले असते तर सव्वा लाखाने कमी आले असते. १० फेब्रुवारीला सगळे पाठवले असते तर लाखाने जास्त. पण १० फेब्रुवारीपर्यंत प्लिंथ आणि स्लॅब कुणाच्या पैशाने झाला असता?

२३ एप्रिल

ग्रॅच्युइटीची कटकट लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल. तिकडच्या कायद्याने काम संपल्यापासून चौदा दिवसांत मिळायला हवी, कंपनीने वेळेत दिलीही, ६०,००० दिरहम. पण त्याच खात्याचं क्रेडिट कार्ड मी निघायच्या आठवड्यात बंद केलं होतं. कार्ड बंद केल्यावर बँक पंचेचाळीस दिवस उशिराच्या बिलांसाठी रक्कम अडकवून ठेवते. शेवटची रक्कम जमा होताच पूर्ण खात्यावर अटकाव आला. रोज फोन, रोज नवा माणूस, एकदा म्हणाले स्वतः शाखेत या. मी बोरी नदीच्या काठावर उभा राहून ते ऐकत होतो. काल अटकाव उठला, लगेच पाठवले. भाव २३.१०, आले १३ लाख ८६ हजार.

फेब्रुवारीत हातात असते तर २३.५५ ने सत्तावीस हजार जास्त आले असते. पण काम थांबलं नाही, कारण मेच्या फरशीचे पैसे फेब्रुवारीतच रुपये होऊन पडले होते. कार्ड डिसेंबरातच बंद करायला हवं होतं.

ग्रॅच्युइटी डॉलरमध्ये ठेवायचा विचार केला नाही. पुढच्या बुधवारी, ३० तारखेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. शेतावरचा सालदार बदलतोय, नव्याला उचल द्यायची आहे, ठिबकच्या नळ्या बदलायच्या आहेत. अण्णांनी यादी आधीच केलीय, त्यांना भाव विचारला नाही आणि मी सांगितला नाही.

पुढचं काम: जानेवारी २०२६, एफसीएनआरची मुदत. त्याआधी डिसेंबरात जळगावला जाऊन आरएफसी उघडणे, आणि तेव्हाची व्याजं घालून बरोबरीचा भाव नव्याने काढणे.